टेट्रापॅकच्या पत्र्याचं छप्पर नाशिकच्या उन्हात किती वर्षं टिकतं, आणि ते टिकवायचं कसं

दिंडोरी रस्त्याला माझ्या मामांचा शेळ्यांचा गोठा आहे. १२ फूट रुंद, २० फूट लांब, एकपाखी. २०१६ च्या मे महिन्यात त्यावर आम्ही दुधा-ज्यूसच्या खोक्यांपासून बनवलेले पत्रे टाकले. विकणाऱ्याने वीस वर्षं सांगितली होती. पुढच्याच एप्रिलमध्ये पत्रे पाइपांच्या मध्ये झोळीसारखे खाली आले आणि २०१८ च्या पावसात स्क्रूपाशी गळायला लागले. २०१९ च्या मेमध्ये आम्ही छप्पर पूर्ण उतरवलं आणि त्याच प्रकारचे नवे पत्रे वेगळ्या पद्धतीने बसवले. त्यावरून सहा पावसाळे गेले, अजून एक थेंब आत आलेला नाही. माल तोच, जागा तीच. फरक कुठे पडला तो मी इथे सविस्तर लिहितो आहे, कारण गोठा, पार्किंग किंवा गच्चीवरच्या शेडसाठी हे पत्रे घ्यावेत का, असं बरेच जण विचारतात.

आधी पत्रा ओळखा

बाजारात 'टेट्रापॅकचा पत्रा' किंवा 'रिसायकल पत्रा' या एकाच नावाखाली तीन वेगळे माल मिळतात आणि त्यांच्या आयुष्यात फार मोठं अंतर आहे.

खोक्याच्या वजनात साधारण ७५ टक्के कागद, २० टक्के पॉलिथिन आणि ५ टक्के अ‍ॅल्युमिनियम असतं. पहिल्या प्रकारात अख्खं खोकं कागदासकट बारीक कापून गरम प्रेसमध्ये दाबतात. त्याची फळी छान होते, बाक, टेबल, कपाटाला चालते. तिलाच पन्हळी आकार देऊन कोणी छपरासाठी विकत असेल तर घेऊ नका. आतला कागद कापलेल्या कडेतून आणि स्क्रूच्या भोकातून पाणी ओढतो, फुगतो, वाळतो, परत फुगतो. दोन-तीन पावसाळ्यांत कडा वहीच्या पानांसारख्या सुटतात.

दुसऱ्या प्रकारात खोकी आधी कागद कारखान्यात पाण्यात घुसळून कागदाचा लगदा वेगळा काढतात. मागे उरतं ते पॉलिथिन आणि अ‍ॅल्युमिनियमचं मिश्रण. ते वाळवून, १७०-१८० अंशांच्या आसपास प्रेसमध्ये दाबून, गरम असतानाच पन्हळी साच्यात थंड करतात. छपरासाठीचा खरा पत्रा हा. तिसरा प्रकार टूथपेस्टच्या ट्यूबच्या कारखान्यातल्या कातरणीपासून किंवा वेफर्स-बिस्किटांच्या पाकिटांच्या कचऱ्यापासून होतो. ट्यूबची कातरण स्वच्छ आणि एकसारखी असते, तिचा पत्रा दुसऱ्या प्रकाराच्या बरोबरीचा निघतो. मिश्र पाकिटांच्या पत्र्यात मात्र एकमेकांत न वितळणारी प्लॅस्टिकं असतात, त्यांचे थर नीट चिकटत नाहीत.

दुकानात तिन्ही चंदेरी, ठिपकेदार आणि सारखेच दिसतात. म्हणून घेण्याआधी विक्रेत्याकडून हातभर तुकडा मागून घ्या आणि घरी दोन गोष्टी करा.

पहिली, पाण्याची परीक्षा. करवतीने १० बाय १० सेंटिमीटरचा चौकोन कापा, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करा आणि वजन लिहून ठेवा. ६ मिलिमीटर जाडीचा असा तुकडा ६० ते ६५ ग्रॅम भरतो. तो तीन दिवस बादलीत पूर्ण बुडवून ठेवा, वर दगड ठेवा. बाहेर काढून कोरड्या फडक्याने पुसा आणि परत वजन करा. दोन ग्रॅमच्या आत वाढ असेल तर कागद नीट निघालेला आहे. पाच-सात ग्रॅम वाढलं, किंवा कड बोटाला मऊ आणि जाड लागली, तर आत कागद आहे. २०१९ ला आम्ही दोन विक्रेत्यांचे तुकडे असे भिजवले होते. एकाचा ६२ चा ६३ ग्रॅम झाला, दुसऱ्याचा ५८ चा ७१. बोलण्यात दोघांचाही माल 'शंभर टक्के वॉटरप्रूफ' होता.

दुसरी, अख्ख्या पत्र्याचं वजन. सुमारे २.२ मीटर लांब, ०.९५ मीटर रुंद आणि ६ मिलिमीटर जाड पत्रा १४ किलोच्या आसपास भरायला हवा. तो ११ किलो भरला तर एक तर जाडी कमी आहे, नाही तर दाब कमी पडून आत पोकळ्या राहिल्या आहेत. पोकळी असलेल्या पत्र्याला बोटाच्या पेराने ठोकलं की आवाज जागोजागी बदलतो. त्या पोकळीतच पुढे पाणी शिरतं आणि थर सुटतात.

ऊन या पत्र्याचं नेमकं काय करतं

पावसाने हा पत्रा मरत नाही. पॉलिथिन पाणी पीत नाही आणि गंजत नाही. त्याला ऊन मारतं, आणि तेही दोन वेगळ्या मार्गांनी.

एक मार्ग नाशिकच्या शेतकऱ्याला सांगायला नको. पॉलिहाऊसवरचा २०० मायक्रॉनचा प्लॅस्टिकचा कागद तीन वर्षांच्या आसपास बदलावा लागतो, आणि त्यात अतिनील किरण सोसण्याचं द्रव्य मुद्दाम घातलेलं असतं. उन्हातले अतिनील किरण आणि हवेतला प्राणवायू मिळून पॉलिथिनच्या लांब साखळ्या तोडतात, मग ते कडक होतं, त्यावर पांढरी भुकटी येते आणि ते वाकवलं की तडकतं. खोक्याचं पॉलिथिन तर दूध-ज्यूस ठेवायला बनवलेलं असतं, ते उन्हासाठी केलेलंच नसतं. त्यात असं द्रव्य नसतं. काळा पाण्याचा पाइप उन्हात वर्षानुवर्षं राहतो, कारण त्यात दोन-अडीच टक्के काजळी मिसळलेली असते आणि ती किरण आत जाऊ देत नाही. पत्रा बनवताना वरच्या थरात असं काही घातलं आहे का, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारा आणि हो म्हणाला तर बिलावर लिहून घ्या.

जाडीचा मात्र फायदा होतो. पॉलिहाऊसच्या कागदापेक्षा हा पत्रा तीसपट जाड आहे, आतले अ‍ॅल्युमिनियमचे तुकडे किरण अडवतात आणि प्राणवायूही खोल जात नाही. त्यामुळे फक्त वरचा पातळ पापुद्रा ठिसूळ होतो. खालचा माल बराच काळ चांगला राहतो. अडचण अशी की ठिसूळ पापुद्र्याला बारीक चीर गेली की पत्रा ताणला जाईल तिथे ती खोल उतरते. आणि पत्रा सगळ्यात जास्त ताणला जातो तो स्क्रूच्या भोकापाशी.

तिथेच दुसरा मार्ग येतो. निफाड-दिंडोरीकडे थंडीत पारा पाच-सहा अंशांवर उतरतो आणि एप्रिलच्या दुपारी छपराचा पृष्ठभाग साठीच्या वर जातो. एका दिवसात नसला तरी वर्षभरात ५० अंशांचा फरक सहज पडतो. एवढ्या फरकाला २.२ मीटरचा लोखंडी पत्रा सव्वा मिलिमीटरच्या जवळपास वाढतो. तेवढंच शुद्ध पॉलिथिन २० मिलिमीटर वाढेल. अ‍ॅल्युमिनियममुळे आपल्या पत्र्याची वाढ कमी होते, तरी १० ते १५ मिलिमीटर धरूनच चाला. लोखंडी पत्र्यासारखा जागच्या जागी स्क्रू आवळून टाकला की ही वाढ जाणार कुठे? उन्हात पत्रा फुगवटा धरतो, थंडीत भोकाची कड स्क्रूवर ओढली जाते. २०१८ मध्ये आमच्या गोठ्यात गळत होतं ते सगळं स्क्रूच्या भोकातून निघालेल्या इंच-दोन इंचांच्या चिरांमधून. पत्र्यांचा मधला भाग तेव्हाही शाबूत होता.

झोळी पडण्याचं कारणही उष्णता. हे पॉलिथिन ११० अंशांच्या आसपास वितळतं, पण ६० अंशांवरच बरंच मऊ होतं आणि स्वतःच्या वजनाने हळूहळू बसतं. थंड झालं तरी परत वर येत नाही. मग पावसाचं पाणी त्या खोलगटात थांबतं आणि वजन आणखी वाढतं. आमचे पाइप ४ फुटांवर होते, लोखंडी पत्र्याच्या सवयीने.

बसवण्याची पद्धत, गोठ्याच्या हिशेबासकट

ढाळ. १२ फुटांत ३ फूट उतार दिला, म्हणजे चार फुटांना एक फूट. यापेक्षा कमी ढाळ देऊ नका, कारण थोडी झोळी पडली तरी पाणी वाहून गेलं पाहिजे. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात असाल तर तीन फुटांना एक फूट द्या.

पत्रे किती लागले ते सांगतो. उताराची लांबी साधारण १२ फूट ४ इंच, वळचणीला ९ इंच आणि वरच्या बाजूला ६ इंच बाहेर, असे साडेतेरा फुटांच्या थोडं वर. दोन पत्रे मिळून साडेचौदा फुटांच्या आत भरतात, त्यातली ९ इंच एकावर एक गेली की बरोबर मोजमाप जुळतं आणि कुठेच कापावं लागत नाही. गोठ्याची रुंदी आम्ही मुद्दाम अशी धरली, कारण कापलेली कड ही या पत्र्याची सगळ्यात कमजोर जागा. आडव्या बाजूला दीड पन्हळ एकावर एक चढवली की एक पत्रा सुमारे पावणेतीन फूट झाकतो. दोन्ही टोकांना फूटभर बाहेर धरून आठ रांगा झाल्या. एकूण १६ पत्रे, सव्वादोनशे किलोच्या आसपास वजन.

पाइप. आडवे पाइप २ फुटांवर घ्या, फार तर २ फूट २ इंच. आमच्या गोठ्याला आधी चार होते, आता सात आहेत, आणि जोडाच्या जागी खाली एक जास्तीचा. म्हणजे २० फुटी चार पाइप वाढले. ४० बाय ४० च्या २ मिलिमीटर जाडीच्या पाइपात ते ६० किलोच्या आसपास लोखंड होतं. टेट्रापॅकचा पत्रा लोखंडी पत्र्यापेक्षा स्वस्त पडतो की नाही, हे या साठ किलोंचा आजचा भाव मिळवल्याशिवाय ठरवू नका. बरेचदा फरक उरत नाही. तरी मामांनी हाच पत्रा परत घेतला, कारण याच्याखाली दुपारी शेळ्या धापा टाकत नाहीत आणि पावसात कानठळ्या बसत नाहीत.

भोक आणि स्क्रू. वेल्डर सवयीने सेल्फ स्क्रू थेट पत्र्यातून मारतो, ते करू देऊ नका. आधी ड्रिलने भोक पाडायचं, तेही पन्हळीच्या उंचवट्यावर. प्रत्येक पत्र्याच्या मधल्या पाइपावर भोक स्क्रूच्या मापाचं ठेवा, म्हणजे पत्रा तिथे घट्ट धरला जाईल. तिथून वर आणि खाली जाल तसं भोक मोठं हवं. टोकाच्या पाइपावर ६ मिलिमीटरच्या स्क्रूला लांबीच्या दिशेने १८-२० मिलिमीटरचं लांबट भोक, मधल्यांना त्याच्या अर्धं. म्हणजे पत्रा मधून दोन्हीकडे पाच-सात मिलिमीटर सरकू शकतो. लांबट भोक करायला शेजारी-शेजारी दोन भोकं पाडून मधला भाग कानशीने काढायचा. अशी भोकं स्क्रूसोबत मिळणाऱ्या छोट्या वाशरने झाकली जात नाहीत, म्हणून ४० मिलिमीटरचा लोखंडी वाशर आणि त्याखाली तेवढाच रबरी वाशर घ्या. सायकलच्या ट्यूबचे कापून टाकू नका, ते दोन उन्हाळ्यांत तडकतात. दुकानात काळं ईपीडीएम रबर मागा.

स्क्रू किती आवळायचा? वाशर हाताने फिरवला तर जोर लावून फिरला पाहिजे. रबर चेपून बाहेर फुगलं म्हणजे जास्त आवळला. इम्पॅक्ट ड्रिलने शेवटची चाल करू नका, हाताच्या पान्याने करा. हे काम सकाळी आठच्या आत किंवा ऊन उतरल्यावर करणं चांगलं, भर दुपारी फुगलेला पत्रा बसवला तर भोकं चुकीच्या जागी येतात. वळचणीच्या पाइपावर एक सोडून एक उंचवट्याला स्क्रू द्या, मे महिन्यातल्या वावटळीचा पहिला झटका तिथेच बसतो.

वरून संरक्षण

न रंगवलेला पत्रा आणि झाकलेला पत्रा यांच्या आयुष्यात जवळपास दुपटीचा फरक पडतो असं माझं मत आहे, आणि रंगात फसगतही याच ठिकाणी होते. पॉलिथिनवर साधा रंग बसत नाही. गच्चीला लावतात तो पांढरा लेप थेट लावला तर पहिल्याच पावसाळ्यात कात टाकल्यासारखा निघतो. नव्या पत्र्याला ८० नंबरच्या पॉलिश पेपरने चमक जाईपर्यंत घासावं लागतं, ओल्या फडक्याने पुसून वाळू द्यायचं, मग पॉलिथिन-पॉलीप्रॉपिलीनसाठीचा प्रायमर द्यायचा. हा प्रायमर गाड्यांचे बंपर रंगवणाऱ्यांकडे मिळतो. त्यावर पांढऱ्या बाहेरच्या अ‍ॅक्रिलिक रंगाचे दोन हात. आधी एका तुकड्यावर करून बघा. आठवडाभराने ब्लेडने रंगावर चौकड्या ओढा, चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढा. चौकोन निघून आले तर प्रायमर बदला, अख्खं छप्पर रंगवू नका.

एवढा उद्योग नको असेल तर शेडनेट हा सोपा मार्ग, आणि शेतावर मला तोच जास्त पटतो. ५० टक्क्यांची हिरवी जाळी पत्र्यापासून सहा-आठ इंच वर, वेगळ्या तारेवर ताणायची. निम्मं ऊन अडतं, पत्रा तापणंही कमी होतं, म्हणजे दोन्ही मार्गांवर एकदम उपाय होतो. जाळी तीन-चार वर्षांनी बदलावी लागेल. मामांच्या गोठ्यावर दक्षिणेकडच्या चार रांगा जाळीखाली आहेत, बाकीच्या चार रंगवलेल्या. सहा वर्षांनी रंगाच्या भागात स्क्रूभोवती किंचित भुकटी येते, जाळीखालचा भाग अजून चकचकीत आहे.

दर वर्षी काय बघायचं

छप्पर घालतानाच उरलेल्या पत्र्यातून दीड-दीड फूट लांब, दोन इंच रुंद अशा आठ-दहा पट्ट्या कापा. त्यातली एक नवी असतानाच वीस लिटरच्या रंगाच्या डब्याभोवती हळूहळू वाकवून बघा. आमची न तडकता वाकली. तुमची तेवढी वाकली नाही तर जिथवर वाकते ती मोठी गोलाई लिहून ठेवा, तेच तुमचं माप. बाकीच्या पट्ट्या छपरावर उघड्या उन्हात तारेने बांधून टाका. दर वर्षी मृग लागायच्या आत, मेच्या शेवटी, सकाळच्या गारव्यात एक पट्टी काढायची आणि उन्हाची बाजू बाहेर ठेवून त्याच डब्याभोवती वाकवायची. वाकली आणि वर काही दिसलं नाही, तर वर्षभराची चिंता नाही. वर बारीक चिरांचं जाळं उठलं, तर त्याच हंगामात रंग किंवा जाळी करून घ्या. कटकन दोन तुकडे झाले, तर पुढच्या गारपिटीआधी पत्रे बदलायची तयारी ठेवा. पट्ट्या उघड्या असतात आणि छप्पर झाकलेलं, त्यामुळे त्या एक-दोन वर्षं आधीच इशारा देतात.

गारपीट मी उगाच म्हणत नाही. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस निफाड-दिंडोरी भागात अवकाळी गारा पडल्या, द्राक्षबागांचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. आमच्या २०१६ च्या पत्र्यांपैकी चार मामांनी चाऱ्याच्या गंजीवर न रंगवता टाकले होते. त्यातल्या तिघांना गारांनी आरपार भोकं पडली, कडा काचेसारख्या तुटलेल्या. गोठ्यावरच्या पत्र्यांना फक्त खळगे पडले. नवा पत्रा गार झेलतो, सात-साडेसात वर्षं उघड्या उन्हात राहिलेला झेलत नाही, हे मी एकाच दिवशी एकाच शेतावर बघितलं.

पट्टीशिवाय आणखी दोनच गोष्टी बघा. पाइपापासून पाइपापर्यंत खालून दोरी ताणून मधली झोळी मोजा, दोन फुटांत एक सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर मध्ये एक पाइप वाढवा. आणि स्क्रूभोवती ओलं फडकं फिरवून कडेने बघा, पृष्ठभाग वाळताना चिरेत पाण्याची काळी रेघ उरते. चीर अर्ध्या इंचाच्या आत असेल तर तिच्या टोकाला ५ मिलिमीटरचं भोक पाडा, म्हणजे ती पुढे सरकत नाही, आणि वरून मोठा वाशर बसवा.

मग किती वर्षं?

वीस-पंचवीस वर्षांचं बोलणं नाशिकच्या उघड्या उन्हात मी धरणार नाही. कागद असलेला पत्रा दोन-तीन पावसाळे. कागद काढलेला, ६ मिलिमीटरचा, न झाकता आणि लोखंडी पत्र्यासारखा बसवलेला, गळायला लागेपर्यंत दोन-तीन वर्षं आणि ठिसूळ व्हायला सहा-सात. तोच पत्रा दोन फुटांवर आधार, सैल भोकं आणि रंग देऊन बसवला तर दहा-बारा वर्षं, मधे एकदा रंगाचा हात धरून. शेडनेटखाली किंवा आंब्याच्या सावलीत पंधरा. हे आकडे पट्ट्या, गोठा आणि ती गारपीट यांवरून मी स्वतःसाठी धरलेले आहेत. घराच्या राहत्या खोलीवर घालण्याआधी यातला लहान आकडा धरा.

जिथे चूल पेटते तिथे मात्र हा पत्रा कितीही वर्षं टिकणार असला तरी घालू नका. पॉलिथिन पेटतं आणि जळते थेंब खाली गळतात. मामांच्या गोठ्याशेजारची चुलीची पडवी आम्ही लोखंडी पत्र्याचीच ठेवली, दोन्हींच्या मध्ये सहा फूट मोकळी जागा सोडून. छपराचं पाणी पिण्यासाठीही साठवत नाही, कारण वरची भुकटी त्यातच उतरते. ते पाणी पन्हाळीतून शेवग्याच्या आळ्यात सोडलं आहे.

उतरवलेले जुने पत्रे जाळायचे नाहीत. मामांनी गंजीवरचे चार सोडून बाकीचे तुकडे करून शेळ्यांच्या कप्प्यांना आडोसा म्हणून उभे लावले, सावलीत ते अजून चांगले आहेत. फक्त खालच्या कडेला लोखंडी पट्टी मारावी लागली, शेळ्यांनी महिन्याभरात ती कड कुरतडली होती.